दावा जिंकला, पण बांध कुठे?

एक काल्पनिक पण ओळखीचे घर घेऊ. वडील 1998 साली गेले, आई त्याआधीच. वडिलोपार्जित जमीन चार एकर, म्हणजे 160 गुंठे जिरायत. एका कोपऱ्यात विहीर. वारस दोन भाऊ, दोन बहिणी. सातबाऱ्यावर चौघांची नावे लागली, पण शेत कसतो थोरला. धाकटा भाऊ वारला, त्याच्या मागे बायको, मुलगा, मुलगी. आता एक बहीण वाटणीचा दावा लावते.

तिचा हिस्सा चौथा. वडील 2005च्या दुरुस्तीआधी वारले म्हणून मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. मात्र तिने पूर्वी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले असेल, तर गोष्ट अवघड होते. दाव्यात सगळे हिस्सेदार आणि एकत्र कुटुंबाची सगळी मिळकत यायला हवी. एक नाव सुटले, की तेवढ्यावरून दावा अडतो. खटला चालू असताना कोणी वारले, तर त्याचे वारस 90 दिवसांत दाखल करावे लागतात. वीसेक हिस्सेदारांच्या दाव्यात मुख्य वेळ इथेच जातो.

पुढे प्राथमिक हुकूमनामा होतो. पेढे बहुधा इथेच वाटले जातात, आणि ते घाईचे असतात. कारण कोर्टाने फक्त 'चौथा हिस्सा' ठरवलेला असतो. कोणता, ते नाही. सरकारी साऱ्याच्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तहसीलदार आणि भूमी अभिलेखचे मोजणीदार शेतावर येतात. हिस्से बदलायचा अधिकार त्यांना नाही, फक्त आखायचे असतात.

आखणी 'सरस-निरस' मानाने व्हावी लागते. काळी जमीन, मुरमाड पट्टा, रस्त्यालगतचा भाग यांची किंमत एक नसते. म्हणून बहिणीला मुरमाडातले 40 गुंठे दिले, तर कागदावर चौथा हिस्सा झाला, प्रत्यक्षात नाही. नकाशाचा मसुदा हाती आल्यावर वाट कुठून, विहिरीत हिस्सा किती, हे तिने तेव्हाच लेखी विचारावे. वाटप कायम झाल्यावरची हरकत फार महाग पडते.

धाकट्याच्या घराचे 40 गुंठे तिघांत वाटले, तर प्रत्येकी सव्वातेरा गुंठ्यांच्या आसपास येतात. बहुतेक जिल्ह्यांत 2023च्या अधिसूचनेने जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आहे. त्याखालचा तुकडा वाटपात पाडता येत नाही. म्हणून त्या तिघांना एकत्र राहावे लागते, किंवा एकाने जमीन ठेवून इतरांना पैशांत मोबदला द्यावा लागतो.