परिषदेचा नोंदणी टेबल : सामान मोजायचे कसे?

दोन दिवसांची परिषद आहे आणि ३०० प्रतिनिधींची नोंद झाली आहे. मग सगळेच ३०० आणायचे का? इथेच हिशोब चुकतो. प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसांना जाते, म्हणून मोजणीही वेगळी करावी लागते.

बॅजपासून सुरुवात करू. ३०० प्रतिनिधी, १५ पाहुणे आणि २५ स्वयंसेवक असे ३४० बॅज नावानिशी छापावेत. ऐनवेळी येणाऱ्यांसाठी ३० कोरे ठेवावेत. एकूण ३७० झाले. तेवढीच पाकिटे हवीत, दोऱ्या मात्र दहा जास्त घ्याव्यात, कारण त्या तुटतात.

पिशव्या स्वयंसेवकांना द्यायच्या नसतील तर ३१५ आणि वर १५, अशा ३३० पुरतात. वही, पेन आणि पत्रिका आदल्या रात्रीच आत भरून ठेवावी.

कार्यक्रम पत्रिका एकाच कागदावर पाठपोट छापू नये. वक्ता बदलला की दोन्ही दिवसांची पत्रिका वाया जाते. पहिल्या दिवसाच्या ३७० प्रती छापाव्यात : ३३० पिशव्यांत, बाकी स्वयंसेवक, मंच आणि भिंतींसाठी. दुसऱ्या दिवसाची पत्रिका पहिल्या संध्याकाळी, प्रत्यक्ष हजेरी पाहून छापावी आणि सकाळी दारातच वाटावी. त्यासाठी झेरॉक्सवाल्याशी आधीच बोलून ठेवावे.

गर्दीचे खरे कारण बहुतेक वेळा यादी असते. आडनावांप्रमाणे टेबल लावले तर कांबळे, गायकवाड, जाधव यांची रांग लांबते आणि शेजारचे टेबल रिकामे राहते. त्यापेक्षा यादी पहिल्या नावाने लावून तिचे शंभर-शंभरांचे तीन भाग करावेत. प्रत्येक टेबलावर त्याच क्रमाने लावलेले बॅज, यादीच्या दोन प्रती, दोरीने बांधलेली दोन पेने, जाड मार्कर, स्टेपलर व पिना, सेलोटेप आणि कात्री असावी. पावती पुस्तक, शिक्का, शाईचे पॅड आणि सुट्टे पैसे एकाच टेबलावर, एकाच्याच ताब्यात ठेवावेत.

यादीत 'बॅज' आणि 'पिशवी' असे दोन रकाने आखावेत आणि वस्तू हातात दिल्यावरच खूण करावी. रात्री हिशोब जुळतो का ते पाहावे. समजा, नोंदलेले २६२, ऐनवेळचे १८ आणि पाहुणे १२ आले, म्हणजे २९२ पिशव्या गेल्या. ३८ शिल्लक हव्यात. ३१च सापडल्या तर सात पिशव्या खूण न करता गेल्या, किंवा कुणी दोनदा घेतली. नावानिशी छापलेले प्रतिनिधींचे ३८ बॅज उरायला हवेत, तेच गैरहजर.

दुसऱ्या दिवशी एकच टेबल पुरते. तिथे उरलेले बॅज, १२ कोरे बॅज आणि शिल्लक पिशव्या ठेवाव्यात. ज्याच्या नावापुढे 'पिशवी'ची खूण आहे, त्याला दुसरी देऊ नये.