चष्म्याची पंधरा सेकंदं

चष्मा घातलेला माणूस हुशार वाटतो, हे केवळ सिनेमानं शिकवलेलं नाही. 1940च्या दशकात जी. आर. थॉर्नटन या मानसशास्त्रज्ञानं एकाच व्यक्तीला चष्म्यासह आणि चष्म्याविना दाखवून लोकांची मतं घेतली. चष्म्यासह तीच व्यक्ती अधिक बुद्धिमान आणि कष्टाळू ठरली. हसरा चेहरा मात्र प्रेमळ ठरला. म्हणजे प्रत्येक खूण आपापल्याच गुणाकडे बोट दाखवते. दाढीचंही तसंच: बार्नबी डिक्सन आणि पॉल व्हेझी यांच्या 2012च्या अभ्यासात न्यूझीलंड आणि सामोआमधल्या लोकांना दाढीवाले पुरुष वयानं आणि प्रतिष्ठेनं मोठे वाटले. त्यांचा रागीट चेहराही अधिक आक्रमक वाटला.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रयोग मायकेल अर्गाइल आणि रॉबर्ट मॅकहेन्री यांचा, 1971 मधला. केवळ 15 सेकंद पाहिलेल्या चष्मेवाल्याचा बुद्ध्यांक लोकांनी सुमारे 12 गुणांनी जास्त धरला. तोच माणूस पाच मिनिटं बोलताना दिसला, तेव्हा हा फरक नाहीसा झाला! कारण बोलण्यातून, उत्तरांतून थेट पुरावा मिळू लागला की काचांवर विसंबायची गरज उरत नाही.

मुलाखतीआधी अर्जावरचा फोटो पाहणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. फोटो बोलत नाही. तिथे ती 15 सेकंदं कितीही लांबवली, तरी पुरावा तेवढाच राहतो.