कावळ्याचा भूतकाळ आणि गोष्टीचा भूतकाळ

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुलं पुष्कळ. पुढे त्यातली थोडी मुलं चिकाटीने भाषा चालू ठेवतात, परीक्षा देतात, फ्रेंच कंपन्यांत लागतात. त्यांतलंच कुणीतरी एक दिवस हौसेने फ्रेंच कादंबरी उघडतं आणि पहिल्याच पानावर अडतं. शब्द ओळखीचे असतात, क्रियापदं मात्र अनोळखी. कारण त्या पानावर एक असा भूतकाळ असतो, जो वर्गात त्यांनी एकदाही तोंडाने म्हटलेला नसतो. त्याचं नाव पासे सांप्ल.

‘मॅडम, बोलायचाच नाही, तर शिकायचा कशाला?’ हा प्रश्न माझ्या डोंबिवलीच्या शिकवणीत दर वर्षी येतो. प्रश्न रास्त आहे. पॅरिसमध्ये कुणी पाव विकत घेताना, बायकोशी भांडताना किंवा कार्यालयात हा काळ वापरत नाही. तिथे चालतो तो पासे काँपोझे, म्हणजे साहाय्यक क्रियापद जोडून केलेला भूतकाळ. पण कादंबरी, परीकथा, चरित्र, इतिहास यांत पासे सांप्ल अजून ठाण मांडून आहे.

आपल्याकडेही असं आहेच. ‘आजोबा रोज पहाटे उठत, नदीवर जात, मग देवपूजा करीत’ हे आपण गोष्टीत सहज वाचतो. घरी बोलताना मात्र ‘आजोबा रोज उठायचे, जायचे’ असंच म्हणतो. वाचताना कुणाला अडत नाही, आणि बोलायला कुणी सांगतही नाही. फक्त अर्थाची गल्लत करू नका. आपलं ‘जात, करीत’ नेहमीच्या सवयीबद्दल बोलतं. पासे सांप्ल एकदाच घडून संपलेल्या गोष्टीबद्दल.

इतिहास थोडक्यात. एके काळी हा काळ बोलण्यातही होता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी एक नियमही घालून दिला होता: आज घडलेलं पासे काँपोझेत सांगावं, मध्ये रात्र गेली असेल तर पासे सांप्लमध्ये. पुढे बोलण्यातून तो उतरला आणि पुस्तकात राहिला. 1959 साली एमिल बँव्हनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने नीट मांडलं की हे दोन भूतकाळ एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून दोन वेगळ्या कामांचे आहेत. एक ‘मी तुला सांगतो’ असं म्हणणाऱ्याचा, दुसरा सांगणारा बाजूला झालेल्या कथनाचा.

हे पुस्तकी वाटतं, म्हणून मी वर्गात चिमणी-कावळ्याची गोष्ट फ्रेंचमध्ये सांगते. कावळ्याचं घर शेणाचं होतं, चिमणीचं मेणाचं. इथे ‘होतं’साठी तिसरा भूतकाळ येतो, अँपारफे. हा परिस्थितीचा काळ. यात काही घडत नाही, नुसती मांडणी होते. मग एके दिवशी पाऊस पडला: ‘ताँबा’. त्याने घर वाहून नेलं: ‘आँपोर्ता’. कावळा आला: ‘व्हँ’. त्याने दार ठोठावलं: ‘फ्रापा’. चिमणीने उत्तर दिलं: ‘रेपाँदी’. या पाच क्रियापदांवर अख्खी गोष्ट उभी आहे. ती काढून घेतली तर उरतात नुसती दोन घरं.

आता गंमत पाहा. कावळा दाराशी उभा राहून चिमणीला म्हणतो, ‘पावसाने माझं घर नेलं.’ मराठीत निवेदकही ‘नेलं’ म्हणतो आणि कावळाही ‘नेलं’. फ्रेंचमध्ये निवेदकाचं ‘आँपोर्ता’, पण कावळ्याच्या तोंडी ‘आ आँपोर्ते’, म्हणजे पासे काँपोझे. कारण कावळा आत्ता दारात भिजतो आहे, त्याचं दुःख ताजं आहे, समोर ऐकणारी चिमणी आहे. निवेदकासाठी ते केव्हाच घडून गेलेलं. अवतरणचिन्हं पुसली तरी नुसत्या काळावरून कोण बोलतंय ते बहुतेक वेळा कळतं. मराठी वाचकाला ही सोय आपल्या भाषेत मिळत नाही, म्हणून फ्रेंच वाचताना ती मला फार प्रिय आहे.

आता ओळखायचं कसं? तक्ते पाठ करू नका. गोष्टीत ‘तो, ती, ते, त्या’ यांचीच रूपं मुख्यतः येतात. 2016 च्या अभ्यासक्रमात फ्रान्समधल्या शाळांतही लहान मुलांना आधी तृतीय पुरुषाचीच रूपं शिकवायची होती. बहुतेक क्रियापदांचं एकवचन ‘आ’ने संपतं; बाकीची ‘ई’, ‘ऊ’ किंवा नाकातल्या ‘अँ’ने. अनेकवचनात शेवटी ‘र’ ऐकू येतो आणि लिहिताना त्यापुढे मूक अक्षरं असतात. एवढ्यावर पानाचा मोठा भाग उलगडतो.

अडतं ते अनियमित रूपांशी. ‘व्हँ’ हे ‘येणे’चं रूप शब्दकोशात त्या जागी सापडत नाही, आणि कानाला तर ते ‘वीस’ आणि ‘वाइन’ यांच्यासारखंच वाटतं. ‘फ्यू’ म्हणजे ‘झाला, होता’, ‘फी’ म्हणजे ‘केलं’. लिहिताना मधल्या एका अक्षराचा फरक. त्यात लेखक ‘फी’ हे रूप ‘म्हणाला’ अशा अर्थानेही वापरतात. ‘ल पती प्रँस’मध्ये तो छोटा राजपुत्र असाच ‘फी’ करतो आणि वाचणारा विचारतो, केलं काय? ‘व्ही’ म्हणजे ‘पाहिलं’, पण हेच अक्षरशः ‘जगतो’सुद्धा. ‘दी’ हे ‘म्हणतो’ आणि ‘म्हणाला’ दोन्ही. अशा वेळी शेजारची क्रियापदं पाहायची. आजूबाजूला सगळं ‘आ’ने संपत असेल, तर हेही भूतकाळातलंच. ‘मी’ बोलणारी कादंबरी असेल तर आणखी जपावं लागतं: ‘मी बोललो’ आणि ‘मी बोलत होतो’ यांच्या लेखनात फक्त शेवटच्या ‘एस’चा फरक असतो. तो नजरेतून सुटला, की घटना परिस्थिती होऊन बसते.

याचा सर्वांत चांगला धडा आल्बेर काम्यूकडे मिळतो. 1942 चं ‘लेत्राँजे’ जवळजवळ सगळं पासे काँपोझेत आहे. बोलीतला काळ कादंबरीभर, त्यामुळे प्रत्येक वाक्य सुटं, मागच्याशी न जोडलेलं वाटतं. सार्त्रने 1943 मध्ये त्यावर लिहिताना याच गोष्टीवर बोट ठेवलं. विद्यार्थ्याला हे पुस्तक झेपतं. मग आत्मविश्वासाने तो 1947 चं ‘ला पेस्त’ उघडतो, आणि तिथे साथीचा वृत्तांत पासे सांप्लमध्ये सुरू होतो. न्यू मरीन लाइन्सच्या अलियाँस फ्राँसेझच्या वाचनालयातून मी ही दोन्ही एकदम आणली होती. परतीच्या लोकलमध्ये ठाण्याला बसायला मिळालं, आणि पुस्तकं मांडीवर शेजारी-शेजारी ठेवून मी पहिली पानं आलटून पालटून वाचली. लेखक एकच, पण पहिल्यात एक माणूस माझ्याशी बोलत होता, दुसऱ्यात एक शहर माझ्यासमोर घडत होतं.

एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’च्या फ्रेंच आवृत्त्यांतून पासे सांप्ल काढून वर्तमानकाळ घातला गेला, तेव्हा तिथले वाचक रागावले. मी त्यांच्या बाजूची आहे. मुलांना तो काळ बोलता येत नसला, तरी झोपताना ऐकलेल्या गोष्टींतून तो कानात बसलेला असतो. आपल्या मुलांना ‘आटपाट नगर होतं’ समजायला व्याकरण लागलं का?

तेव्हा शिकणाऱ्यांनी शार्ल पेरोच्या 1697 च्या परीकथांची एखादी सोपी केलेली आवृत्ती घ्यावी. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट दोन-तीन पानांची आहे. पहिल्या वाचनात अर्थाच्या मागे न लागता पेन्सिलीने फक्त ‘आ, ई, ऊ, अँ’वाल्या क्रियापदांखाली रेघ मारा, आणि दुसऱ्या वाचनात फक्त रेघा मारलेले शब्द क्रमाने वाचा. आईने पाठवलं, मुलगी निघाली, लांडगा भेटला, तो आधी पोचला. गोष्ट समजली, तर ‘ला पेस्त’ उघडायला हरकत नाही.