दगड जागेवर, रेघ सरकलेली

गावाचे कागद : भाग 9

ई-पीक पाहणीचा हंगाम आला की शिवेवरच्या गावांतून एक तक्रार ऐकू येते. शेतकरी स्वतःच्या सोयाबीनमध्ये उभा असतो आणि मोबाइल त्याला सांगतो की तुम्ही निवडलेल्या गटाबाहेर आहात. तो बांधापर्यंत जातो, परत फिरतो, फोन बंद करून चालू करतो. फोन बहुतेक वेळा ठीक असतो. शिवेचा दगडही आजोबांच्या काळापासून तिथेच असतो. सरकलेली असते ती नकाशातली रेघ. मग ग्रामपंचायत ठराव करते, जिल्ह्याला पत्र धाडते आणि ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून ते पत्र टेबलांवर फिरत राहतं. आजचा भाग त्या पत्राबद्दल आहे.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांमधली शीव मुद्दाम घेतो, कारण तिचा इतिहास पत्र लिहिणाऱ्याला माहीत असावा लागतो. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होते. 1956च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि 1982मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात गेले. म्हणजे कंधार-मुखेडकडची गावं आणि अहमदपूर-उदगीरकडची गावं यांच्यामधली आजची जिल्हाहद्द बऱ्याच ठिकाणी जुनी बीदर-नांदेड हद्द आहे. गावाचा नकाशा गावापुरताच काढलेला असे. शिवेपाशी एकाचा कागद संपायचा, शेजारच्या गावाच्या कागदावर तीच शीव दुसऱ्या हाताने काढलेली असायची. दोन्ही कागद वेगवेगळ्या कार्यालयांत राहिले. त्यांची गाठ पडली ती संगणकावर.

तिथेच घोळ होतो. जुना नकाशा आधी स्कॅन होतो, मग त्याच्यावरच्या रेघा संगणकात गिरवल्या जातात, मग ते चित्र पृथ्वीवरच्या खऱ्या जागी बसवलं जातं. कागद किंवा कापड वर्षानुवर्षांत आकसतं. गाव 3 किलोमीटर रुंद असेल आणि कागद 1 टक्का आकसला असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 30 मीटरचा फरक पडतो. शेजारचे दोन नकाशे जोडताना मध्ये फट राहते किंवा एक दुसऱ्यावर चढतो. ती फट घरबसल्या बुजवली, तर कोणाची तरी शीव आत ढकलली जाते. जमीन मोजणाऱ्या माणसाला हे कळतं, कारण तो दगड पाहतो. पडद्यासमोर बसलेल्याला दगड दिसत नाही.

पत्र लिहिण्याआधी गावाने एक काम करावं. चूक कोणत्या जातीची आहे, ते ओळखावं. हिशेब कळावा म्हणून कंधार तालुक्यातलं एक कल्पित गाव धरू. त्याच्या पश्चिमेला अहमदपूर तालुक्यातलं गाव आहे. पश्चिम शिवेवरचे तीन जुने दगड निवडा, शक्यतो जिथे तीन गावांच्या शिवा मिळतात ते. प्रत्येक दगडापाशी मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. साध्या फोनची चूक 5 ते 10 मीटरची असू शकते, पण ती दरवेळी वेगळ्या दिशेला जाते. नंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून डिजिटल नकाशातल्या त्याच तीन कोपऱ्यांचे आकडे मागा. आपल्या भागात रेखांशातला 0.0001 अंशाचा फरक म्हणजे जमिनीवर सुमारे साडेदहा मीटर.

आपल्या गावात तीन दगडांवर रेघ अनुक्रमे 42, 39 आणि 43 मीटर पूर्वेला निघाली, असं समजा. फोनची चूक असती तर आकडे इकडेतिकडे विखुरले असते. इथे सगळे एकाच दिशेला आणि जवळपास सारखे आहेत. आता पूर्व शिवेवरचे दोन दगड तपासा. तिथेही रेघ चाळीसेक मीटर सरकलेली असेल, तर अख्खा नकाशा चुकीच्या जागी बसला आहे. तिथे फरक 3-4 मीटरचाच निघाला, तर गाव जागेवर आहे आणि फक्त पश्चिमेची जोडणी बिघडली आहे. पहिली चूक एका गावाचा नकाशा पुन्हा बसवून सुटते. दुसरीसाठी दोन जिल्ह्यांचे कागद एकत्र आणावे लागतात. आपल्या उदाहरणात दुसरी निघाली, असं धरू.

आता पत्र. मला योग्य वाटतो तो मजकूर असा :

‘प्रति, मा. जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख, नांदेड. विषय : डिजिटल गाव नकाशातील पश्चिम हद्द मूळ अभिलेखाप्रमाणे दुरुस्त करणेबाबत. महोदय, आमच्या गावाची अहमदपूर तालुक्यातील शेजारच्या गावाशी असलेली सामाईक हद्द डिजिटल नकाशात प्रत्यक्ष हद्दीच्या दगडांपेक्षा सरासरी 41 मीटर पूर्वेस दिसते. पूर्वेकडील हद्दीत असा फरक नाही. तीन दगडांची मोजमापे, छायाचित्रे, जुन्या गाव नकाशाची प्रमाणित प्रत आणि बाधित गटांची यादी सोबत जोडली आहे. आम्ही हद्द बदलण्याची मागणी करत नाही. मूळ टिपण व नकाशाशी ताडून, दोन्ही गावांच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी करून डिजिटल नकाशा दुरुस्त करावा, ही विनंती. प्रत : जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख, लातूर, उपसंचालक, भूमी अभिलेख, छत्रपती संभाजीनगर.’

या मजकुरातलं ‘आम्ही हद्द बदलण्याची मागणी करत नाही’ हे वाक्य गाळू नका. ‘आमची हद्द बदलून द्या’ असं लिहिलं की विषयच दुसरा होतो. गावाचं किंवा जिल्ह्याचं क्षेत्र बदलणं हा शासनाच्या अधिसूचनेचा मामला आहे. ग्रामपंचायतीचं क्षेत्र बदलायचं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 4ची वेगळी वाट आहे. आपल्याला हद्द जुनीच हवी आहे, फक्त चित्र चुकलं आहे. ठरावातही ‘दुरुस्ती’ हाच शब्द असू द्या. प्रतीही तितक्याच गरजेच्या आहेत, कारण नांदेडचे अधीक्षक लातूरच्या गावाचा नकाशा दुरुस्त करू शकत नाहीत. दोघांच्या वर जे कार्यालय आहे, त्याला पहिल्या दिवसापासून हे माहीत असलं पाहिजे.

शेजारच्या गावाला पत्राआधी भेटावं, हे मी आग्रहाने सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966मधलं कलम 133 गावांच्या हद्दी ठरवण्याबद्दल आहे. लगतच्या गावांचे पाटील आणि ग्राम अधिकारी एका रेषेवर स्वखुशीने सहमत झाले, तर अधिकारी तसा करार लिहून घेतो आणि ती रेषा आखून देतो. फसवणूक किंवा दबाव दिसला नाही, तर ती हद्द अखेरची मानली जाते. सहमती नसेल, तर वादाच्या जमिनीची मोजणी, अभिलेखांचा पुरावा आणि रीतसर चौकशी असा लांबचा रस्ता उरतो. शेजारच्या सरपंचांनी ‘दगड आम्हालाही मान्य आहे’ असा चार ओळींचा ठराव दिला, तर मोजणीच्या दिवशी भांडायला काही राहत नाही.

त्या दिवशी पोलीस पाटील, दोन्हीकडचे तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि शिवेवरचे जुने शेतकरी हजर असावेत. एखादा दगड उखडलेला असेल, तर आठवणीने तो पुन्हा रोवू नका. टिपणातल्या अंतरावरून मोजणीदारालाच ती जागा काढू द्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यात मीटरचे आकडे लिहिले आहेत का, हे वाचा. ‘हद्द दाखवली’ एवढंच लिहिलेल्या पंचनाम्यावरून संगणकात काहीच दुरुस्त होत नाही.

काही महिन्यांनी ‘दुरुस्ती झाली’ असं उत्तर आलं, तरी एक तपासणी बाकी असते. आपल्या गावाचा आणि शेजारच्या गावाचा, दोन्ही डिजिटल नकाशे उघडा आणि शिवेवरचा एकच गट दोन्हींत शोधा. नांदेडची रेघ 41 मीटर मागे आली आणि लातूरची तिथेच राहिली असेल, तर आता ती पट्टी दोन्ही गावांत मोजली जात आहे. पुढच्या पंचनाम्यात तिथल्या शेतकऱ्याचं नाव दोन्ही याद्यांत येईल किंवा दोन्हींतून वगळलं जाईल. त्यामुळे लातूरच्या नकाशाची प्रत हातात येईपर्यंत ग्रामसभेत हा विषय बंद करू नका.