चाल आठवते, गाणं आठवत नाही

डोक्यात दोन दिवस एकच ओळ घोळतेय आणि गाणं कुठलं ते काही सुचत नाही, अशा वेळी बरेच जण ‘शझाम’ उघडून फोनपुढे गुणगुणतात आणि हात हलवत परततात. दोष त्यांच्या गळ्याचा नसतो. शझाम मूळ ध्वनिमुद्रणाचा ठसा ओळखतं. रेडिओवर गाणं वाजत असेल तर ते हमखास सांगेल, पण तुमचं गुणगुणणं हे ते ध्वनिमुद्रण नव्हेच.

त्यासाठी गूगलच्या अ‍ॅपमधली गाणं शोधण्याची सोय वापरावी. ती 2020 मध्ये आली. माइकच्या खुणेवर बोट ठेवायचं, गाणं शोधण्याचा पर्याय निवडायचा आणि दहा-पंधरा सेकंद गुणगुणायचं. आवाजाचा पोत, वाद्यं, शब्द हे सगळं बाजूला काढून फक्त सूर कसा चढतो-उतरतो एवढंच तिथं जुळवलं जातं. म्हणून पट्टी कुठलीही चालते, सूर थोडा हलला तरी चालतो. चालत नाही ते शब्दांच्या ठेक्यावर एकाच सुरात पुटपुटणं, आणि आपण नकळत नेमकं तेच करतो. तोंड मिटून ‘हं हं’ करण्यापेक्षा ‘ला ला’ करत मुखड्याची पूर्ण ओळ म्हणावी. उत्तरांपुढे किती टक्के जुळलं ते दिसतं. सगळेच आकडे लहान आणि गाणी भलतीच आली, तर अंतऱ्याची ओळ घेऊन पुन्हा म्हणून पाहावं.

कधी उत्तर परक्या भाषेतलं येतं. ते लगेच चूक ठरवू नका. ‘आनंद’ (1971) चित्रपटात लताबाईंचं एकच गाणं आहे. तीच चाल सलील चौधरींनी त्यांच्याच आवाजात बंगालीतही बांधली आहे. बंगाली गाणं समोर आलं, तर संगीतकाराचं नाव धरून पुढं जावं.

शब्द थोडेसेच आठवत असतील, तर जे सलग आणि खात्रीचे आहेत तेवढेच अवतरणचिन्हांत टाकावेत. शंकेचा शब्द बाहेर ठेवावा. मराठी गाण्यांत एक अडचण हमखास येते. आपल्याला बोलण्यातलं ‘चांदणं’ आठवतं, कवीनं लिहिलेलं असतं ‘चांदणे’. दोन्ही रूपं टाकून पाहावीत. तरी नुसत्या चांदण्यानं काही हाती लागत नाही, निम्म्या भावगीतांत ते असतंच. सोबत ‘पाचोळा’सारखा एखादा कमी वापराचा शब्द आठवला, तर यादी झरझर आखडते. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळापुरताच शोध घ्यायचा असेल, तर असं लिहावं:

```
site:aathavanitli-gani.com चांदणे पाचोळा
```

हिंदी गाण्यांचे शब्द मात्र रोमन लिपीतही शोधावेत. जालावर ते पुष्कळदा तसेच लिहिलेले असतात.

आणि हे सगळं करण्याआधी आपलं गुणगुणणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. दोन-तीन चुकीची उत्तरं ऐकली की डोक्यातली मूळ चाल पुसट होते, मग शोधायला काहीच उरत नाही.