आतील आणि बाहेरील कक्षके

कोबाल्टच्या दोन संयुगांचा विचार करू. एकात त्रिसंयुजी कोबाल्ट आयनाभोवती अमोनियाचे सहा रेणू असतात, [Co(NH₃)₆]³⁺. दुसऱ्यात सहा फ्लोराइड आयन असतात, [CoF₆]³⁻. दोहोंची रचना अष्टफलकीय आहे. परंतु पहिल्याचे चूर्ण काचेच्या नळीत भरून ती नळी तराजूला टांगली व तिचे खालचे टोक विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवले, तर प्रवाह सुरू करताच तिचे वजन किंचित घटल्यासारखे दिसते. दुसऱ्याचे वजन मात्र वाढते. पहिले प्रतिचुंबकीय आहे, दुसरे समचुंबकीय. धातू तोच असता हा भेद का पडावा?

लायनस पॉलिंग यांनी १९३१ साली मांडलेल्या विचारसरणीत याचे उत्तर सापडते. Co³⁺ आयनाच्या 3d कक्षकांत सहा इलेक्ट्रॉन असतात. ही कक्षके पाच असल्यामुळे मुक्त आयनात एका कक्षकात जोडी असते व उरलेल्या चारांत एकेकच इलेक्ट्रॉन असतो. सहा संलग्नींकडून येणाऱ्या सहा इलेक्ट्रॉनजोड्या सामावून घेण्यासाठी धातूला सहा रिक्त कक्षके हवीत. ती मिळविण्याचे मार्ग दोन आहेत.

पहिल्या मार्गात सहाही इलेक्ट्रॉन जोडीजोडीने तीन कक्षकांत दाटतात. दोन 3d कक्षके मोकळी होतात आणि एक 4s व तीन 4p कक्षकांशी त्यांचे d²sp³ संकरण होते. हे आतील कक्षकांचे संयुग होय. अमोनियाच्या संयुगात असेच घडते. एकही इलेक्ट्रॉन एकाकी न उरल्याने चुंबकीय परिबल जवळजवळ शून्य असते. दुसऱ्या मार्गात 3d मधील मांडणी तशीच राहते आणि बाहेरची दोन 4d कक्षके वापरली जातात. हे sp³d² संकरण फ्लोराइडच्या संयुगात मानले जाते. त्यात चार इलेक्ट्रॉन अयुग्मित राहतात. अशा n इलेक्ट्रॉनांचे परिबल √[n(n+2)] बोर मॅग्नेटॉन असते; n = ४ घेतल्यास √२४, म्हणजे सुमारे ४·९. प्रत्यक्ष मापन याहून थोडे अधिक येते, कारण इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीचाही त्यात वाटा असतो.

ही कसोटी सर्वत्र चालत नाही. Cr³⁺ मध्ये तीनच d इलेक्ट्रॉन असतात. ते तीन कक्षकांत एकेकटे बसतात व दोन कक्षके आधीच रिक्त असतात. त्यामुळे कोणताही मार्ग मानला तरी अयुग्मित इलेक्ट्रॉन तीनच भरतात आणि मापनाने निवाडा होत नाही. शिवाय अमोनिया इलेक्ट्रॉनांना जोड्या करावयास का लावतो व फ्लोराइड का लावत नाही, हे या सिद्धांतातून निघत नाही. मापन आधी करावे लागते आणि संकरण मागाहून ठरते. त्या प्रश्नाचे उत्तर पुढे संलग्नींच्या प्रभावाने d कक्षकांच्या ऊर्जा-पातळ्यांत पडणाऱ्या अंतरात शोधले गेले.