नाव नवं, करार जुनाच

जुलै २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अॅझ्युर अॅक्टिव्ह डिरेक्टरी’ या सेवेचं नाव बदलून ‘मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी’ केल्याचं जाहीर केलं. कार्यालयातल्या कुणी कुठल्या खात्यातून लॉगिन करायचं आणि त्याला काय काय उघडता येईल, हे ही सेवा सांभाळते. सोयी, किंमत आणि सेवेची हमी तीच राहील, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं. पण ही सेवा पुढे ग्राहकांना पुरवणाऱ्या आयटी कंपन्यांच्या करारांत जुनंच नाव होतं. ते बदलायचं म्हटलं, की ग्राहकाच्या मनात शंका येते: नावाआडून दर तर वाढवत नाहीत ना? ईमेलने आधी तीच दूर करायला हवी.

समजा, करारातल्या कलम १मध्ये व्याख्या आहेत आणि परिशिष्ट ‘अ’मध्ये सेवांची यादी. मग मजकूर असा होईल:

‘महोदय, आपल्या करारातील कलम १ आणि परिशिष्ट “अ” येथे “अॅझ्युर एडी प्रीमियम पी१” ऐवजी “मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी पी१” असे वाचले जाईल. सेवा तीच आहे. दर, मुदत, सेवेची हमी, गोपनीयता, नुकसानभरपाईची मर्यादा, करार संपवण्याच्या अटी आणि लवादाचे कलम यांत कोणताही बदल नाही. बदल खुणा करून दाखवलेली प्रत आणि पुरवणी करार सोबत जोडला आहे.’

पुरवणी करार जोडण्याचं कारण असं, की अनेक करारांत दोन्ही पक्षांच्या लेखी सहीशिवाय दुरुस्ती होत नाही, अशी अट असते. तिथे नुसता ईमेल ही फक्त सूचना ठरते. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ६२नुसार जुन्या कराराच्या जागी नवा करार करायचं ठरलं, तर जुना पाळण्याचं बंधन उरत नाही. म्हणून ‘हा नवा करार नाही, मूळ करार पूर्वीप्रमाणेच लागू आहे’ हे वाक्य पुरवणीत स्पष्ट लिहितात.

घोटाळा होतो तो संगणकावर सरसकट शब्द बदलताना. कार्यालयातल्या सर्व्हरवर चालणारी ‘विंडोज सर्व्हर अॅक्टिव्ह डिरेक्टरी’ ही वेगळी प्रणाली आहे आणि तिचं नाव बदललेलं नाही. ‘अॅक्टिव्ह डिरेक्टरी’ हे शब्द सगळीकडे बदलले, तर त्या सर्व्हरच्या देखभालीचं कलम भलत्याच सेवेला लागू होईल. जुनी बिलं आणि खरेदीपत्रंही तशीच ठेवायची, कारण त्या तारखेला नाव तेच होतं. पुरवणीत ‘जुन्या नावाचा उल्लेख नव्या नावाचा समजावा’ एवढं म्हटलं, की जुने कागद कराराशी जुळतात.

ग्राहकाने खुणांची प्रत उघडून पाहावी. नावाशेजारचा ‘पी१’ बदलून ‘पी२’ झाला असेल, तर ती वेगळ्या किमतीची, वेगळ्या सोयींची योजना आहे. त्यासाठी नव्याने बोलणी करावी लागतात. नावबदलाच्या ईमेलवर ‘मान्य’ लिहून ते काम होत नाही.